आरशातल्या फोटोत इरकल आणि खण

आरशात बघताना आपली नजर एका जागी ठरत नाही. ती आधी चेहऱ्यावर जाते, मग पदराच्या पिनेवर, मग कुठेतरी केसांकडे, आणि या धावपळीत पायांपर्यंत क्वचितच पोचते. त्यातून आपण हलत असतो, मान कलती करत असतो, पोट जरा आत घेत असतो. फोटोत हे सगळं थांबतं. कपाळापासून चपलेपर्यंत सगळं एकाच सपाट पानावर येतं आणि तिथे चेहऱ्याला वेगळी सवलत मिळत नाही. म्हणून आरशात आवडलेला पोशाख फोटोत खटकतो आणि आपण गोंधळतो की दोघांतलं खरं कोण.

वेशभूषेचं काम करताना मी कलाकारांना आरशासमोर उभं करून फोनवर फोटो काढायची सवय लावून घेतली, कारण त्यातून पोशाखाची चूक लवकर कळते. पण फोटोत दिसणारा दोष कपड्यांचा आहे की कॅमेऱ्याचा, हे आधी ठरवावं लागतं. माझा अनुभव असा की नाराज होऊन पाठवलेल्या फोटोंमध्ये निम्मा दोष कॅमेऱ्याचाच असतो.

गेल्या लग्नसराईत भाचीनं नाशिकहून असाच एक फोटो पाठवला. संध्याकाळचं लग्न होतं, हॉलमध्ये. अंगावर बाटलीच्या हिरव्या रंगाची इरकल, अगदी बारीक चौकडीची, लाल काठाची, आणि लाल पदरावर पांढरी टोकदार नक्षी. ब्लाऊज खणाचा, डाळिंबी, लहान बुट्टीचा, कोपरापर्यंत बाही आणि बाहीच्या टोकाला खणाचाच सोनेरी पिवळा काठ. खाली एक ओळ होती : “मावशी, मी मधे रुंद आणि बुटकी दिसतेय. या चौकडीमुळेच ना? साडी बदलू?”

साडी बदलायची गरज नव्हती. पण ते सांगण्याआधी फोटो नीट काढून घ्यायला हवा होता.

तिनं फोन डोळ्यांच्या उंचीवर धरला होता. आपण सगळे असाच धरतो, कारण पडद्यावर बघत बघत बटण दाबायचं असतं. फोन तिथे सरळ उभा धरला तर पाय चौकटीत मावत नाहीत, म्हणून आपण तो किंचित पुढे, जमिनीकडे कलवतो. सगळी गडबड या कलण्यात आहे. फोन आरशाला समांतर असतो तोवर डोकं आणि पाय एकाच प्रमाणात उमटतात. तो खाली कलला की डोक्याकडचा भाग मोठा आणि पायांकडचा लहान होत जातो. खांदे रुंद, पाय आखूड, आणि निऱ्या खाली जाताना निमुळत्या. पाच फूट दोन इंचांची मुलगी अशा फोटोत बुटकीच दिसणार.

यावरचा उपाय सोपा आहे. फोन कमरेच्या, म्हणजे नाभीच्या उंचीवर आणायचा, अगदी ताठ उभा धरायचा आणि दोन पावलं मागे सरकायचं. आरशाचा इथे एक मोठा फायदा होतो. तुम्ही आरशापासून पाच फुटांवर असाल तर तुमचं प्रतिबिंब आरशामागे आणखी पाच फुटांवर असतं, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीनं तुम्ही दहा फुटांवर उभ्या आहात. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान लहान होतात, तसं इथे होत नाही. फोनमधली ‘0.5x’ची लेन्स मात्र वापरू नये. ती सगळं घर चौकटीत आणते, पण कडांकडच्या वस्तू ओढून ताणते, आणि उभ्या फोटोत या कडांवर नेमके आपलं डोकं आणि पाय असतात.

आरसा कसा लावलेला आहे हेही बघून घ्यावं. कपाटाच्या दारावरचा आरसा बहुधा सरळ असतो. भिंतीला टेकवून ठेवलेला उंच आरसा वरून मागे झुकलेला असतो, आणि तो जितका झुकलेला, त्याच्या दुप्पट आपलं प्रतिबिंब मागे झुकतं. पाच अंश आरसा कलला की प्रतिबिंब दहा अंश. त्यामुळे पाय कॅमेऱ्याच्या जवळ येतात, डोकं लांब जातं आणि आपण शेलाट्या, लांब पायांच्या दिसतो. काही दुकानांतल्या आरशात साडी फार सुरेख दिसते आणि घरी आणल्यावर तीच साधी वाटते, तेव्हा एकदा त्या आरशाचा कल आठवून बघावा. पूर्ण उंची दिसायला आरसा आपल्याएवढा उंच लागतो असंही नाही. सरळ लावलेला, आपल्या निम्म्या उंचीचा आरसा योग्य उंचीवर असला की डोक्यापासून पायापर्यंत सगळं दिसतं.

भाचीनं दुसरा फोटो पाठवला. फोन नाभीपाशी, ताठ. बुटकेपणाची तक्रार त्या एका बदलानं गेली. मधला रुंदपणा मात्र राहिला, म्हणजे तो कपड्यांतला होता.

प्रमाण म्हणजे काय, हे साडीवर समजून घेणं कुर्त्यापेक्षा अवघड वाटतं, कारण साडीत सगळं एकमेकांवरून जातं. पण फोटोत बघायच्या रेषा मोजक्याच असतात. ब्लाऊजची खालची कड, निऱ्या खोचल्याची रेषा, बाही संपते ती जागा, पदराचं टोक आणि खालचा काठ. नजर वरून खाली येताना या रेषांवर थबकते. या थांब्यांची उंची आणि त्यांच्यामधलं अंतर, एवढ्यावर आकृतीचं प्रमाण ठरतं.

मोजायला फोनमध्येच सोय आहे. फोटो कापायच्या पर्यायात गेलं की दोन उभ्या, दोन आडव्या रेषांची जाळी येते. वरची कड टाळूला आणि खालची कड तळव्याला टेकेल असा फोटो कापायचा. आता आडव्या रेषा आपल्या उंचीचे तीन सारखे भाग करतात. भाचीच्या फोटोत ब्लाऊजची खालची कड जवळपास वरच्या आडव्या रेषेवर आली. साडीत हे बहुतेकींच्या बाबतीत होतं. वर एक हिस्सा, खाली दोन हिस्से, अशी ही वाटणी डोळ्यांना बरी वाटते, आणि गुडघ्यापर्यंत कुर्ता घालून खाली आखूड सुरवार घातल्यावर बेढब का वाटतं याचं उत्तरही इथेच मिळतं. तिथे वाटणी बहुतेक निम्मी-निम्मी किंवा उलटी होते. पदराचं टोक तिच्या गुडघ्याशी होतं, म्हणजे खालच्या रेषेच्या जरा खाली. ते ठीक होतं.

अडत होती बाही. हात सरळ सोडला की कोपर कमरेच्या उंचीवर येतं. कोपरापर्यंतच्या बाहीचं टोक त्यामुळे बरोबर त्या पट्ट्यावर पडतं, जिथे ब्लाऊज संपून निऱ्या सुरू व्हायच्या मधे पोट दिसतं. त्यात बाहीला चमकता पिवळा काठ. डावीकडे पिवळा काठ, मधे पोटाची फिकी पट्टी, उजवीकडे पिवळा काठ. नजर या तीन तुकड्यांना जोडून एक सलग आडवा पट्टा करते, आणि तो पट्टा दोन्ही दंडांसकट मोजला जातो. कंबर जिथे सर्वांत बारीक दिसायची, तिथेच ती सर्वांत रुंद दिसायला लागते.

गंमत अशी की पहिल्या फोटोत हे नीट दिसतच नव्हतं. फोन धरलेला हात वाकलेला होता, त्या बाहीचा काठ छातीच्या उंचीला गेला होता, आणि रुंदपणा नुसता जाणवत होता, त्याचं कारण लपलं होतं. शिवाय तो हात उचलल्यामुळे ब्लाऊज त्या बाजूला वर ओढला गेला होता. म्हणून फोन स्टुलावर पुस्तकांच्या आधारानं उभा करावा, टायमर लावावा आणि दोन्ही हात मोकळे सोडून उभं राहावं. आपण दिवसभर दोन्ही हात सोडूनच वावरतो.

बाही दीड-दोन इंच वर दुमडून आतून टाके घालायला मी सांगितलं. काठ तसाच ठेवून वरच्या बाजूला चूण घातली तरी चालतं. काठ कोपराच्या वर गेला की तो पट्टा तुटतो आणि कंबर पुन्हा मोकळी होते. ब्लाऊज अजून शिवायचा असेल तर मी बाही कोपराच्या चांगली वर तरी ठेवते, नाहीतर मनगटाकडे पाऊण बाही करते. कोपरावर नेमकी थांबलेली, टोकाला उठावदार काठ असलेली बाही ही खणाच्या ब्लाऊजमधली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. बाहीला काठ नसेल, सगळी बाही एका रंगाची असेल, तर तीच लांबी अजिबात खटकत नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. उंच आणि बारीक दिसणं हेच प्रमाणाचं उद्दिष्ट आहे असं मी मानत नाही. ठसठशीत, रुंद खांद्याची बाई तशीच भारदस्त दिसावी असंही वाटू शकतं, आणि रंगमंचावर मी कितीदा मुद्दाम तसं केलं आहे. फोटो बघताना विचारायचा प्रश्न एवढाच, की नजर जिथे थांबतेय तिथे ती थांबावी असं मला हवं होतं का.

आता रंग. इथे फोटो सर्वांत जास्त फसवतो, म्हणून आधी उजेडाची सोय लावावी लागते. फोन स्वतःच अंदाज करतो की खोलीतला पांढरा कोणता, आणि त्यावरून सगळे रंग सरकवतो. पिवळ्या बल्बखाली त्याचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. यासाठी मी हातात किंवा आरशाच्या कडेला एक साधा पांढरा कागद ठेवायला सांगते. फोटोत तो कागद पिवळट किंवा निळसर दिसला तर कपड्याच्या रंगावर त्या फोटोवरून काहीच बोलू नये. गडद लाल रंगाचा आणखी एक त्रास आहे. फोनचा कॅमेरा तो झेपत नसल्यासारखा एकदम भडक आणि सपाट करतो, त्यातलं विणकाम हरवतं. इरकलीचा लाल पदर फोटोत प्लास्टिकसारखा दिसला तर घाबरू नये. त्या लाल भागावर बोट टेकवून उजेड जरा कमी केला की धागा दिसायला लागतो. उलट काळी चंद्रकळा फोनला फार अंधारी वाटते आणि तो तिला राखाडी करून टाकतो. तिथेही उजेड कमीच करायचा.

मॅचिंग सेंटरमधून आणलेलं अस्तर किंवा परकर दुकानात तंतोतंत जुळतो आणि बाहेर उन्हात वेगळाच दिसतो, हा अनुभव घराघरात आहे. त्यात दुकानदाराची लबाडी नसते. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांत रंगवलेली असतात. ट्यूबच्या उजेडात दोन्हींकडून डोळ्यात येणारा रंग सारखा असतो, सूर्यप्रकाशात तो सारखा राहत नाही, कारण दोन्ही उजेडांत रंगांचं मिश्रणच निराळं असतं. म्हणून पोशाख ज्या वेळी घालायचा, त्या प्रकारच्या उजेडात एक फोटो आणि खिडकीजवळ दिवसा एक, असे दोन काढावेत. भाचीचं लग्न संध्याकाळचं होतं, तेव्हा निर्णय दिव्याच्या उजेडातल्या फोटोवर करायचा होता. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि डाळिंबी खुलतात, बाटलीचा हिरवा जरा काळवंडतो. तिच्या दोन्ही फोटोंत तसंच झालं.

डाळिंबी ब्लाऊज आणि हिरवी साडी ही जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. पण ती का जमते हे बघण्यासारखं आहे. फ्रान्समधल्या गोबलँ या राजवाड्यांसाठी गालिचे आणि पडदे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल युजीन शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून रंगविभाग सांभाळत होता. तिथे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यानं धागा तपासला तर काळ्या रंगात दोष नव्हता. तो निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की फिका पडे. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा पलीकडच्यावर टाकतो, हे त्यानं अनेक प्रयोग करून मांडलं आणि 1839 साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. लाल आणि हिरवा शेजारी आले की लाल अधिक लाल आणि हिरवा अधिक हिरवा दिसतो तो याच कारणानं. इरकलीच्या विणकरांना हे हातानं कळलेलं होतं. हिरव्या अंगाला लाल काठ आणि लाल पदर ते पिढ्यान्‌पिढ्या जोडत आले आहेत.

पण दोन विरुद्ध रंग एकमेकांना उठाव देतात म्हणजे ते भांडूही शकतात. ती वेळ येते का, हे ठरवणारी गोष्ट रंगाहून वेगळी आहे : कोण किती गडद. ती डोळ्यांना थेट कळत नाही, कारण रंगच इतका बोलका असतो की तो बाकी काही ऐकू देत नाही. फोटोवर कृष्णधवल फिल्टर लावला की ती उघडी पडते. भाचीच्या फोटोवर लावला तेव्हा हिरवी साडी आणि डाळिंबी ब्लाऊज दोन्ही जवळपास एकाच राखाडीत गेले. वरपासून खालपर्यंत एक सलग गडद आकृती, आणि तिच्यात उजळ तीनच गोष्टी : पोटाची पट्टी, बाहीचे पिवळे काठ आणि पदरावरची पांढरी नक्षी. बाहीबद्दलची माझी शंका इथे पक्की झाली, कारण कृष्णधवलमध्ये तो आडवा पट्टा अगदी ओरडून दिसत होता.

तिच्याकडे दुसरा ब्लाऊजही होता, फिक्या मोहरी रंगाचा खण. तो घालूनही तिनं फोटो काढला. रंगीत फोटोत हिरव्यावर मोहरी सुंदर दिसत होता. कृष्णधवलमध्ये वरचा तिसरा हिस्सा एकदम उजळ आणि खालचे दोन गडद, मधे स्पष्ट पायरी. यात चूक काहीच नाही. नजर वर, चेहऱ्याकडे आणि दागिन्यांकडे खेचली जाते. पण त्या संध्याकाळी तिला पदर दिसायला हवा होता, कारण साडी आजीची होती आणि तिचं मोल त्या पदरात होतं. मोहरी ब्लाऊजच्या उजेडात पदराची पांढरी नक्षी मागे पडत होती. डाळिंबी ठेवायचा असं ठरलं.

दोन नक्षींची जोडी जमवायला लोक घाबरतात आणि मग नक्षीच्या साडीवर साधा ब्लाऊज घालून मोकळे होतात. इरकल आणि खण या बाबतीत फार मोठी शिकवणी देतात. दोन्ही कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या, एक इलकलची, दुसरा गुळेदगुड्डचा, आणि दोन्ही महाराष्ट्रात इतके मुरलेले की ते आपलेच वाटतात. चौकडीवर बुट्टी, तीही टोकदार नक्षीच्या पदरासह, असं कागदावर लिहिलं तर कोणीही म्हणेल फार झालं. अंगावर ते फार का होत नाही?

मापामुळे. भाचीच्या साडीतली चौकडी साधारण दोन मिलिमीटरची होती. ब्लाऊजची बुट्टी सुमारे एक सेंटिमीटरची. पदरावरची पांढरी टोकं दोन-तीन इंचांची. प्रत्येक नक्षी आधीच्या नक्षीपेक्षा कित्येक पट मोठी, त्यामुळे नजर त्यांना तीन वेगळ्या थरांवर ठेवते आणि त्यांची आपसात स्पर्धा होत नाही. जिथे दोन नक्षींची मापं जवळजवळ सारखी पण नेमकी सारखी नसतात, तिथे डोळा पुन्हा पुन्हा दोघांची तुलना करत राहतो आणि थकतो. दोन मिलिमीटरच्या चौकडीवर चार मिलिमीटरच्या चौकडीचा ब्लाऊज घातला तर तो जुळवायला गेलेला आणि चुकलेला वाटतो. त्याच साडीवर चार इंची मोठ्या चौकटींचा ब्लाऊज मात्र मुद्दाम केलेला दिसेल.

ही पारख फोटोत करायची रीत अशी. फोटो गॅलरीत परत जायचं आणि तो छोट्या चौकोनात, बोटाच्या पेराएवढा, बघायचा. इतक्या लहान चित्रात काय उरतं? भाचीच्या चित्रात साडीची चौकडी पूर्ण विरघळून नुसता गडद हिरवा उरला, ब्लाऊजवर किंचित खरखरीतपणा, आणि पदराची पांढरी टोकं स्पष्ट. म्हणजे लांबून या पोशाखात एकच नक्षी दिसते. हॉलमध्येही असंच होतं. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण वीस फुटांवरून दोन मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा कळतो, त्यापलीकडे धागे एकमेकांत मिसळून एक रंग होतात. स्टेजसमोर बसलेल्या पाहुण्यांना चौकडी दिसतच नाही. जवळ येऊन नमस्कार करणाऱ्या काकूंना ती दिसते, आणि तेव्हा पदर त्यांच्या नजरेत मावत नाही. दोन नक्षी एकाच वेळी नजरेत येतच नाहीत, म्हणून त्यांची गर्दी होत नाही. छोट्या चौकोनात जर दोन-तीन नक्षी सारख्याच जोरानं दिसत राहिल्या, तर त्यातली एक काढावी. बहुतेकदा ती पर्स किंवा ओढणी असते.

मापाच्या जोडीला एखादा सामायिक रंग लागतो, पण तो थोडासाच पुरतो. भाचीच्या ब्लाऊजचा डाळिंबी साडीच्या लाल काठाच्या जवळचा होता, तेवढा धागा पुरला. तीच साडी, तोच मापाचा खण, पण आकाशी रंगात असता तर नक्षी जमूनही पोशाख दोन तुकड्यांत दिसला असता.

फोनची एक फसवणूक चौकडीच्या बाबतीत नेहमी घडते. बारीक चौकडीवर फोटोत लाटांसारख्या रंगीत रेषा उमटतात, कधी तिरप्या, कधी इंद्रधनुष्यासारख्या. कॅमेऱ्याच्या आतलीही एक बारीक जाळी असते, तिच्यावर कापडाची जाळी आली की दोन जाळ्यांच्या मधून तिसरंच चित्र तयार होतं. ओळखायची खूण सोपी : एक पाऊल मागे जा, पुन्हा फोटो काढा. लाटा बदलल्या किंवा गेल्या तर त्या कापडात नाहीत. भाचीच्या पहिल्या फोटोत मांडीवर अशा लाटा होत्या आणि तिनं त्यांचा दोष चौकडीला दिला होता. अर्थात लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्यातही कधीकधी त्या येऊ शकतात, हे अशी साडी निवडताना माहीत असलेलं बरं.

चौकडी आणि आडव्या रेषांनी माणूस जाड दिसतो ही समजूत मात्र सोडून द्यावी. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात दाखवलं होतं की आडव्या रेषांनी भरलेला चौरस तेवढ्याच उभ्या रेषांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद वाटतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकारी मिकेलिदू यांनी 2011 मध्ये हेच कपड्यांच्या चित्रांवर तपासून पाहिलं आणि आडव्या पट्ट्यांनी रुंदी वाढलेली दिसत नाही असं मांडलं. सलग पसरलेल्या बारीक रेषा आणि एकटा, उठावदार आडवा पट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाचीच्या पोशाखात रुंदी आणत होता तो पट्टा, बाहीचा, आणि दोष लागत होता बिचाऱ्या चौकडीला.

शेवटचा फोटो मी नेहमी उलटा करून बघायला सांगते. आरशातला फोटो आरशासारखाच असतो. डाव्या खांद्यावरचा पदर त्यात डावीकडेच दिसतो, समोरच्या माणसाला तो त्याच्या उजवीकडे दिसणार असतो. फोनमधल्या ‘Flip’नं डावं-उजवं बदललं की आपण लोकांना दिसतो तशा दिसतो. त्याहून मोठा उपयोग असा की रोज आरशात बघून डोळ्यांना सवय झालेली असते, ती क्षणभर मोडते आणि पदराच्या निऱ्या एका बाजूला ओघळल्यात, खांद्यावरची घडी जाड झालीय, हे एकदम दिसतं. भाचीच्या उलट्या फोटोत पदर खांद्यावर फार पसरलेला दिसला. तीन घड्या जास्त घातल्या आणि डाळिंबी ब्लाऊजची एक उभी पट्टी मोकळी झाली.

खणाच्या बाबतीत एका फोटोवर कधी थांबू नये. त्यात बऱ्याचदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे तो धूपछाँव दाखवतो. समोरून डाळिंबी, बाजूनं जांभळट. भाचीच्या खणातही तसा जांभळा होता आणि समोरून काढलेल्या एकाही फोटोत तो आला नव्हता. तिला मी खिडकीकडे तोंड करून, मग अर्ध वळून आणि मग पाठमोरं, असे तीन फोटो काढायला लावले. पाठमोऱ्या फोटोत कळलं की ब्लाऊजच्या पाठीवर, कमरेच्या किंचित वर, तोच पिवळा काठ आडवा लावलेला आहे. पाठीवर तो छान दिसत होता, कारण पदर मागे तिरपा जात होता आणि पट्ट्याला एका बाजूनं झाकत होता. तो तसाच राहिला. बाह्यांना मात्र त्या दुपारी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी दीड इंचावर टाके घातले.